शब्द तुकोबांचे, चाल कुणाची?

आषाढी जवळ आली की मोबाइलवर अभंगांचे छोटे व्हिडिओ सुरू होतात. कुणी पंढरीच्या वाटेवरचं चित्रण टाकतं, कुणी आपल्या गावच्या देवळातली मूर्ती दाखवतं, कुणी भजनी मंडळाचा सराव. त्यातल्या बऱ्याच व्हिडिओंवर काही तासांत सूचना येते की यातल्या संगीतावर दुसऱ्या कुणाचा हक्क आहे. मग हमखास एक तक्रार ऐकू येते: तुकोबांच्या अभंगावर कुठल्या कंपनीचा हक्क कसा काय असू शकतो?

तुकोबांच्या शब्दांवर खरंच कुणाचाही हक्क नाही. पण आपण व्हिडिओत नुसते शब्द वापरत नाही. गाण्यात हक्काचे तीन थर असतात. शब्द हा एक, चाल हा दुसरा, आणि ती चाल प्रत्यक्ष गाऊन-वाजवून केलेलं ध्वनिमुद्रण हा तिसरा. तिन्हींचे मालक वेगळे असू शकतात आणि तिन्हींची मुदतही वेगवेगळी संपते. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क कवीच्या किंवा संगीतकाराच्या हयातीत आणि त्यांच्या मृत्यूचं वर्ष संपल्यावर पुढे 60 वर्षं राहतो. ध्वनिमुद्रणाचा हिशेब माणसाच्या आयुष्यावरून होत नाही. ते ज्या वर्षी प्रसिद्ध झालं, ते वर्ष संपल्यापासून 60 वर्षं मोजायची.

‘सुंदर ते ध्यान’ हाच अभंग घ्या. शब्द सतराव्या शतकातले, म्हणजे मोकळे. लता मंगेशकरांनी गायलेली त्याची सर्वांना पाठ असलेली चाल मात्र श्रीनिवास खळे यांची. खळेकाका 2011 साली गेले, त्यामुळे त्या चालीवरचा हक्क 2071 अखेरपर्यंत चालेल. लताबाईंच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण ही तिसरी, वेगळीच मालमत्ता. आता हाच अभंग वारकरी भजनात ‘जय जय राम कृष्ण हरी’च्या गजरानंतर रूपाचा अभंग म्हणून पिढ्यान्‌पिढ्या गायला जातो, आणि त्याची तिथली चाल खळेकाकांची नाही. ती कुणा एकाची नाहीच. म्हणजे एकाच अभंगाचे दोन व्हिडिओ शेजारी ठेवले, दोन्हींत शब्द तेच असले, तरी एक अडचणीत येतो आणि दुसरा येत नाही.

याच्या उलट घोटाळा ‘इंद्रायणी काठी’ या गाण्याचा होतो. ते इतकं देवळाचं झालं आहे की अनेकांना तो संतांचा अभंग वाटतो. प्रत्यक्षात ते ‘गुळाचा गणपती’ या 1953 च्या चित्रपटातलं गाणं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत पु. ल. देशपांडे यांचं, आवाज भीमसेन जोशींचा. गदिमा 1977 साली गेले, म्हणून शब्दांची मुदत 2037 अखेर. पुलं 2000 साली गेले, म्हणून चालीची 2060 अखेर. चित्रपटातल्या मूळ ध्वनिमुद्रणाची मुदत भारतातल्या हिशेबाने 2013 अखेरच संपली. पण त्याचा उपयोग काय? ते ध्वनिमुद्रण वाजवलं की आतले शब्द आणि चाल वाजतातच, आणि ते दोन्ही अजून मोकळे नाहीत. शिवाय व्हिडिओ न्यू जर्सीतही दिसतो. अमेरिकेत 1972 पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांची मुदत वेगळी आणि बरीच लांब आहे, हे तिथल्या महाराष्ट्र मंडळांनी लक्षात ठेवलेलं बरं.

संत म्हटलं की शब्द मोकळे, हे गृहीतही सरसकट धरू नये. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निर्वाण 11 ऑक्टोबर 1968 चं. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या भजनांवरचा हक्क 2028 अखेरपर्यंत आहे. 1 जानेवारी 2029 पासून ती सर्वांची. विदर्भातल्या कितीतरी मंडळांना हे ऐकून आश्चर्य वाटेल. त्या मानाने साने गुरुजींच्या प्रार्थना 2011 पासून मोकळ्या आहेत. मराठी चर्चमधल्या गीतांनाही हाच नियम लागतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1919 साली गेले, त्यामुळे त्यांच्या भक्तिगीतांचे शब्द निर्धास्त वापरा. पण गेल्या वीस-तीस वर्षांत एखाद्या क्वायरसाठी कुणी त्यांना नवी चाल लावली असेल किंवा चार सुरांची नवी बांधणी केली असेल, तर ती त्या माणसाची.

इथे लोक दोन-तीन पळवाटा सांगतात. पहिली, ‘धार्मिक कामासाठी सगळं चालतं’. कायद्याच्या 52 व्या कलमात खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीसाठी सवलत आहे. पूजेत, वरातीत गाणं वाजवलं तर ते उल्लंघन मानलं जात नाही. पण ती सवलत त्या सोहळ्यातल्या सादरीकरणापुरती आहे. त्याच सोहळ्याचं चित्रण करून, वर गाणं जोडून ते इंटरनेटवर टाकणं हे निराळं कृत्य. दुसरी पळवाट, ‘दहा सेकंदांपर्यंत काही होत नाही’. असा नियम कायद्यात कुठेही नाही. तिसरी, वर्णनात ‘सर्व हक्क मूळ मालकाचे’ असं लिहिणं. मालक दुसराच आहे हे तुम्हीच लेखी कबूल करता, एवढंच त्यातून साधतं.

चौथी पळवाट मला सर्वांत जास्त खटकते. गाणं पकडलं जाऊ नये म्हणून त्याची पट्टी अर्ध्या सुराने वर सरकवतात, वेग वाढवतात किंवा वर भलामोठा घुमारा चढवतात. त्यामुळे यंत्र कधीमधी फसतं, कायदा फसत नाही. आणि भीमसेनांचा आवाज चिपळीएवढा बारीक करून त्यावर विठोबाचं चित्र दाखवणाऱ्याला मी विचारीन की यात भक्ती नेमकी कुठे राहिली? कायद्याचाही इथे एक शब्द आहे. 57 व्या कलमानुसार आपल्या रचनेची मोडतोड होऊन नावाला बाधा येत असेल, तर कवी-संगीतकार हक्क विकून बसल्यावरही तक्रार करू शकतात. गायक-वादकांनाही असाच अधिकार आहे. म्हणजे संगीताचा मान राखणं आणि कायदा पाळणं या इथे दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

तसाच एक प्रकार इन्स्टाग्रामवर सर्रास दिसतो. मंडळाच्या भजनावर त्या आठवड्यात गाजत असलेलं एखादं सिनेमातलं गाणं जोडायचं आणि त्याचा आवाज शून्याजवळ आणायचा. ऐकू काही येत नाही, पण रील जास्त लोकांपर्यंत जातं अशी समजूत. मग पसायदानाच्या रीलखाली एखाद्या आयटम गाण्याचं नाव झळकत असतं.

मग करायचं काय? माझ्या मते उत्तम मार्ग तोच, जो सर्वांत स्वस्त आहे: जुने शब्द, पारंपरिक चाल, आपले गळे. समजा, एखाद्या तालुक्याच्या गावातल्या महिला भजनी मंडळाला आषाढीसाठी एक मिनिटाचा व्हिडिओ करायचा आहे. अभंग रूपाचा, चाल वारकरी. चाल पारंपरिक आहे की नाही हे ठरवायची सोपी कसोटी अशी: ती कुठून शिकलात? आजीकडून, फडावर, सांप्रदायिक भजनात शिकला असाल आणि शेजारच्या दिंडीतही थोड्याफार फरकाने तशीच गात असतील, तर ती परंपरेची. कॅसेटवरून, रेडिओवरून किंवा यूट्यूबवरून शिकला असाल, तर बहुधा तिला संगीतकार आहे. अनेक मंडळांना आपण कॅसेटची चाल गातो हे ठाऊकच नसतं, कारण ती शिकवणाऱ्या बाईंनी 40 वर्षांपूर्वी शिकवलेली असते. शंका आली तर गाजलेलं ध्वनिमुद्रण शोधून ध्रुपदाची पहिली ओळ शेजारी ठेवून ऐका. सुरांची वळणं जुळली की उत्तर मिळालं.

आता एक मिनिटाचं गणित. भजनी ठेका आठ मात्रांचा. मिनिटाला 80 मात्रांची लय धरली तर एक आवर्तन सहा सेकंदांत होतं, म्हणजे मिनिटात दहा आवर्तनं. चालीत ध्रुपदाला दोन आवर्तनं लागत असतील, तर ध्रुपद दोनदा म्हणण्यात चार गेली. एका चरणाला दोन, ‘तुका म्हणे’च्या शेवटच्या चरणाला दोन, आणि पुन्हा ध्रुपदावर येऊन थांबायला दोन. दहा झाली. असं बसवलं की व्हिडिओ समेवर संपतो आणि मुद्रिका तुटत नाही. मुद्रिकेचा आग्रह मी मुद्दाम धरतो. ज्या चरणात तुकोबा, नामदेव, जनाबाई स्वतःचं नाव घेतात, तोच चरण वेळेसाठी कापला जातो, आणि तोही निम्म्या शब्दावर. मधले चरण गाळायला हरकत नाही. भजनातही वेळ पाहून गाळतातच.

साथीला टाळ, पखवाज आणि वीणा असली की पुरे. पेटी असली तर उत्तमच. नुसत्या बोलण्याच्या व्हिडिओमागे, म्हणजे कुणी अभंगाचा अर्थ सांगत असेल तर, तंबोऱ्याइतकं योग्य दुसरं काही नाही. मोबाइलवर तंबोऱ्याची ॲप मिळतात. पट्टी मात्र गाणाऱ्याची धरायची. बायकांच्या मंडळाला बहुधा पांढरी चार किंवा काळी पाच सोयीची पडते, पुरुषांना काळी एक किंवा काळी दोन. तंबोऱ्याची पहिली तार पंचमाला लावतात, पण चाल मालकंसाच्या अंगाची असेल तर त्या रागात पंचमच नाही, तिथे मध्यम लावायचा. हे चुकलं की ऐकणाऱ्याला काहीतरी बोचत राहतं, पण काय ते सांगता येत नाही. बोलण्यामागचा तंबोरा इतका खाली ठेवा की शब्द थांबला तरच जाणवावा.

संगीताचा जुळेपणा अभंगाच्या जातीवरून ठरतो, देवाच्या नावावरून नाही. एकनाथांच्या भारुडाला ढोलकीचा उठाव शोभतो, कारण भारूड हा खेळच आहे. गवळणीला चालती लय हवी. देवीच्या गोंधळाला संबळ आणि तुणतुणं हवं, तेच संबळ करुणेच्या अभंगामागे लावलं तर शब्दांचं रडं झाकून जातं. पसायदान ही सांगतेची प्रार्थना. तिच्यामागे ठेका लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. काकड्याच्या वेळचे अभंग आणि भूपाळ्या पहाटेच्या, शेजारती रात्रीची. दुपारच्या रीलवर शेजारती लावलेली पाहून म्हातारी माणसं कपाळाला हात लावतात ते उगीच नाही. मागे सरसकट बासरी आणि पाण्याची खळखळ लावायचीही एक लाट आली आहे. ती अपमानकारक नाही, पण तिने ज्ञानेश्वर आणि मालिश केंद्राची जाहिरात यांच्यात फरक उरत नाही.

स्वतः वाजवणं शक्य नसेल तर यूट्यूबच्या स्टुडिओत ‘ऑडिओ लायब्ररी’ आहे. तिथलं संगीत फुकट वापरता येतं. फक्त काही तुकड्यांच्या अटीत कलाकाराचं नाव वर्णनात द्या असं असतं, ते वाचून पाळावं. इन्स्टाग्रामची गोष्ट थोडी निराळी. तिथल्या संगीतपेटीतली गाजलेली गाणी वैयक्तिक, बिनव्यापारी वापरासाठी असतात. देवस्थान, संस्था, दुकान यांनी ‘बिझनेस’ प्रकारचं खातं उघडलं की त्यातली बहुतेक गाणी दिसेनाशी होतात आणि मेटाचा स्वतःचा मोकळा संग्रह उरतो. ‘आमच्याकडे गाणी का येत नाहीत’ असं विचारणाऱ्या देवस्थानांच्या तरुण कार्यकर्त्यांना याचं उत्तर इथे मिळेल. आणि एका ॲपमधलं गाणं लावून तयार केलेला व्हिडिओ उतरवून दुसऱ्या ॲपवर टाकला, तर पहिल्याची परवानगी सोबत येत नाही. निम्म्याहून अधिक गोंधळ मला वाटतं इथेच होतो.

इतकं करूनही सूचना आली तर? आधी ती नीट वाचा. यूट्यूबवर दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक दोन्हींना ‘स्ट्राइक’ म्हणतात. पहिली ‘क्लेम’. यंत्र तुमचा आवाज आपल्या साठ्याशी ताडून पाहतं आणि जुळलं की मालकाला कळवतं. मालक बहुधा व्हिडिओ तसाच ठेवतो आणि जाहिरातीचं उत्पन्न आपल्याकडे वळवतो. कधी तो बंदही करतो. याने तुमच्या चॅनेलवर डाग लागत नाही. एक अट मात्र ध्यानात ठेवा. शॉर्ट्‌स आता तीन मिनिटांपर्यंत करता येतात, पण मिनिटाहून मोठ्या शॉर्टवर क्लेम आला तर तो व्हिडिओ सगळीकडेच अडवला जातो. म्हणून दहा आवर्तनांचं गणित. दुसरी गोष्ट खरी ‘स्ट्राइक’. मालकाने व्हिडिओ काढून टाकण्याची रीतसर मागणी केली की ती लागते, आणि 90 दिवसांत अशा तीन झाल्या तर चॅनेलच जातं.

आपल्या मंडळाने पारंपरिक चाल स्वतः गायली आणि तरी क्लेम आला, असंही घडतं. यंत्र फक्त ध्वनिमुद्रणच ओळखतं असं नाही, चालीचं वळणही ओळखतं. कुणी तोच पारंपरिक अभंग आपल्या अल्बममध्ये गाऊन तो यंत्राच्या साठ्यात भरला असेल, तर तुमचं भजन त्याच्याशी जुळतं. तंबोऱ्याच्या ॲपचा तोच आवाज कुणी आपल्या गाण्यात वापरला असेल तरी तेच. अशा वेळी व्हिडिओ घाबरून काढू नका. क्लेमच्या पानावर व्हिडिओतला कुठला तुकडा, कुठल्या गाण्याशी जुळला ते लिहिलेलं असतं. ते गाणं शांतपणे ऐका. खरोखर तुम्ही त्या संगीतकाराची चाल गायला असाल, तर गोष्ट तिथेच मिटली. क्लेम मान्य करा. पण चाल परंपरेची असेल तर ‘डिस्प्यूट’ दाखल करा आणि तीन वाक्यांत लिहा: शब्द अमक्या संताचे आणि मुदतीबाहेरचे आहेत, चाल पारंपरिक आहे, गायन-वादन आमच्या मंडळाचं असून मूळ चित्रण आमच्याकडे आहे. समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस असतात. त्याने काही केलं नाही तर क्लेम आपोआप सुटतो. त्याने नाकारलं तर तुम्हाला अपील करता येतं. मात्र अपीलही चुकीचं ठरलं तर खरी स्ट्राइक लागू शकते, म्हणून खात्री नसताना हट्टाने पुढे जाऊ नये. मूळ चित्रणाची प्रत पुसू नका, हे त्यासाठीच. सरावात झालेल्या चुका, मधलं बोलणं, पुन्हा लावलेला सूर, हे सगळं तुमच्या बाजूने बोलतं.

खळेकाकांचीच चाल गायची असेल, तर? बेधडक गा, देवळात गा, घरी गा. व्हिडिओवर टाकताना मात्र चालीच्या मालकाची परवानगी लागते, कारण चित्राला संगीत जोडण्याचा हक्क त्याचा असतो. आपल्याकडे संगीतकार-गीतकारांच्या वतीने ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ ही संस्था काम पाहते. मालकी कुणाकडे आहे याची विचारणा तिच्याकडे किंवा ध्वनिमुद्रण काढणाऱ्या कंपनीकडे करता येते. परवानगीविना टाकलेला व्हिडिओ केवळ क्लेम लागून टिकतो तेव्हा तो मालकाच्या मर्जीवर टिकलेला असतो, हे विसरू नये.

शेवटी एक गोष्ट राहिली, आणि ती कंपन्यांपेक्षा गावाशी अधिक निगडित आहे. सप्ताहात गाणाऱ्या कितीतरी बुवांनी जुन्या अभंगांना स्वतःच्या चाली लावलेल्या आहेत. कीर्तनकारांचं कीर्तन मोबाइलवर टिपून, त्यातली दोन मिनिटं कापून, मागे भलतंच संगीत लावून लोक टाकतात. त्या बुवांकडे ना वकील असतो ना कंपनी, आणि यंत्राच्या साठ्यात त्यांचं नावही नसतं. त्यामुळे त्यांचा क्लेम कधीच येत नाही. हक्क मात्र तितकाच पक्का आहे, चालीवरही आणि गायनावरही. तेव्हा व्हिडिओ टाकण्याआधी त्यांना एक फोन करा, कुठला भाग घेणार ते सांगा, आणि वर्णनात पहिल्या ओळीत त्यांचं नाव लिहा.